बटरवर्थ फिल्टर ॲनालॉगवरून डिजिटलमध्ये आणताना : बायलिनिअर ट्रान्सफॉर्म आणि प्रीवॉर्पिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या एका डाळमिलमध्ये तुरीच्या हंगामात आम्ही ब्लोअरच्या बेअरिंगवर कंपन मोजणारा डबा बसवला होता. त्या कामात एक चूक झाली. ती सापडायला तीन दिवस लागले. नंतर लातूर-नांदेडकडची इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी यायला लागली, तेव्हा त्यांचे प्रश्नही त्याच चुकीभोवती फिरतात हे लक्षात आलं. म्हणून खालची सगळी उत्तरं त्या एकाच ब्लोअरवर बेतली आहेत.

आधी ब्लोअरचं सांगा. नेमकं काय मोजायचं होतं?

फोलपट उडवणारा चार पात्यांचा पंखा होता आणि तो मोटारीला थेट जोडलेला होता. मोटार चार पोलची. पूर्ण लोडवर ती मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. फेऱ्याचं कंपन त्यामुळे २४ हर्ट्झला दिसतं, आणि चार पाती एका फेऱ्यात चारदा हवा कापतात म्हणून पात्यांचं कंपन ९६ हर्ट्झला दिसतं. पात्याला भुकटी चिकटली किंवा एखादं पातं वाकलं, तर मिस्त्रीला ते आधी या ९६ च्या रेषेवर कळायला हवं होतं.

शेजारच्या चाळणीची जाळी मात्र १६० हर्ट्झच्या आसपास खडखडत होती आणि तो खडखडाट सगळ्या आलेखावर पसरायचा. सेन्सर ADXL345, सेकंदाला ४०० नमुने. १२० हर्ट्झवर कापणारा लो-पास फिल्टर लावायचा, ९६ ठेवायचे आणि १६० घालवायचे, एवढंच काम होतं.

मग चूक काय झाली?

हातात धरायच्या मीटरवर ९६ हर्ट्झचं कंपन ०.८० जी दिसत होतं, आमच्या डब्यात ०.५७. २४ हर्ट्झचा आकडा मात्र दोन्हीकडे तंतोतंत जुळत होता. सेन्सर ढिला असेल म्हणून आम्ही बोल्ट आवळले, चिकटवण बदलली, सेन्सरही बदलला. आकडा हलला नाही.

कमी फ्रिक्वेन्सी बरोबर येते आणि फक्त कापाच्या जवळची पडते, तर सेन्सरवर संशय घ्यायचं कारण नसतं. तो दोष फिल्टरचा काप सरकल्याचा असतो. आमचा काप कागदावर १२० ला होता, प्रत्यक्षात ९६.२ ला पडला होता. म्हणजे पात्यांची रेषा बरोबर कापाच्या तोंडावर सापडली होती. तो तिथे का सरकला, हेच पुढच्या उत्तरांमध्ये आहे.

बटरवर्थच का घेतला? तो 'कमाल सपाट' म्हणजे किती सपाट?

स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये मांडलेल्या या फिल्टरच्या आउटपुटचं सूत्र साधं आहे:

```
|H|^2 = 1 / (1 + (f/fc)^(2N))
```

`N` म्हणजे क्रम, `fc` म्हणजे कापाची फ्रिक्वेन्सी. शून्य फ्रिक्वेन्सीपाशी या आलेखाचे पहिले `2N-1` डेरिव्हेटिव्ह शून्य असतात, म्हणून तिथे तो जितका सपाट असू शकतो तितका असतो. पासबँडमध्ये कुठे उंचवटा नाही, लहर नाही. आम्हाला कंपनाची उंची वाचायची होती, म्हणून हाच योग्य. चेबिशेव्ह घेतला असता तर काप धारदार मिळाला असता, पण पासबँडमधल्या लहरीमुळे २४, ४८, ७२ या रेषा आपापसात कमीजास्त झाल्या असत्या.

कोणताही `N` घेतला तरी `f = fc` ला उत्तर `1/√2` येतं, म्हणजे ७०.७ टक्के. ०.८० चं ०.५७ होणं याच्याशी किती जवळचं आहे बघा. आम्हाला हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.

बायलिनिअर ट्रान्सफॉर्म नेमकं काय करतो?

ॲनालॉग फिल्टर इंटिग्रेटरचा बनलेला असतो. संगणकात इंटिग्रेशन करायचं तर दोन नमुन्यांमधला भाग समलंब चौकोन समजून त्याचं क्षेत्रफळ घ्यायचं, आणि तो नियम `z` च्या भाषेत लिहिला की हे मिळतं:

```
s = 2*fs * (z - 1)/(z + 1)
```

`fs` म्हणजे नमुन्यांचा दर, आमच्याकडे ४००. ॲनालॉग सूत्रात जिथे `s` आहे तिथे हे ठेवायचं आणि आकडेमोड करायची. कंट्रोलवाले यालाच आर्नोल्ड टस्टिन यांच्या नावाने टस्टिनची पद्धत म्हणतात.

याचा मोठा फायदा असा, की `s` च्या डाव्या अर्ध्या पातळीतला प्रत्येक पोल `z` च्या एकक वर्तुळाच्या आतच पडतो. ॲनालॉग फिल्टर स्थिर असेल तर डिजिटलही स्थिर असतो, वेगळं तपासावं लागत नाही. शिवाय ॲनालॉगचा कुठलाही भाग घडी होऊन दुसऱ्यावर पडत नाही. इम्पल्स इनव्हेरियन्स पद्धतीत तसं होतं, म्हणून `fs/4` च्या पुढे कापणाऱ्या फिल्टरला मी ती वापरत नाही.

मग वॉर्पिंग कुठून येतं?

वरच्या सूत्रात `z` च्या जागी एकक वर्तुळावरचा बिंदू ठेवा. उत्तर येतं:

```
Ω = 2*fs * tan(π*f/fs)
```

डावीकडे ॲनालॉगची फ्रिक्वेन्सी आहे, ती शून्यापासून अनंतापर्यंत जाते. उजवीकडचा `f` फक्त शून्यापासून `fs/2` पर्यंत, आमच्याकडे २०० हर्ट्झपर्यंत. न संपणारा रस्ता २०० हर्ट्झच्या पट्टीत बसवायचा आहे. सुरुवातीला माप जवळजवळ एकास एक राहतं, पुढे ते दाबलं जातं, आणि शेवटच्या काही हर्ट्झमध्ये उरलेला सगळा रस्ता कोंबला जातो. अक्षाच्या या वाकण्यालाच वॉर्पिंग म्हणतात.

उलट दिशेने बघू. ॲनालॉग फिल्टरचा काप १२० हर्ट्झला ठेवून तसाच ट्रान्सफॉर्म केला, तर तो डिजिटलमध्ये इथे पडतो:

```
f = (400/π) * atan(π*120/400) = 127.32 * 0.7558 = 96.2
```

आम्ही हेच केलं होतं. ॲनालॉगचं कोष्टक उघडलं, १२० हर्ट्झचं `2π*120` केलं आणि `s` च्या जागी सूत्र टाकून मोकळे झालो.

वाकण्यामुळे सपाटपणा बिघडतो का?

नाही. बायलिनिअर फक्त आडव्या अक्षाला ताणतो-दाबतो, उभ्या अक्षाला हात लावत नाही. डिजिटल फिल्टरचं सूत्र असं होतं:

```
|H|^2 = 1 / (1 + (tan(π*f/fs)/K)^(2N)),   K = tan(π*fc/fs)
```

`tan` शून्यापाशी सरळ रेषेसारखा असतो, म्हणून `2N-1` डेरिव्हेटिव्ह शून्यच राहतात. कमाल सपाट होता तो कमाल सपाटच राहतो. बेसेल फिल्टरचं असं होत नाही. त्याचं सगळं वैशिष्ट्य फेजमध्ये आहे, आणि फेज फ्रिक्वेन्सीच्या अक्षावर मोजली जाते. अक्ष वाकला की त्याचा सारखा विलंब गेला.

प्रीवॉर्पिंग म्हणजे काय करायचं? हाताने करून दाखवा.

ट्रान्सफॉर्म काप खाली ओढणार हे माहीत आहे, तर ॲनालॉगचा काप आधीच तितका वर नेऊन ठेवायचा. १२० हर्ट्झ हवे असतील तर ॲनालॉग फिल्टर `2*400*tan(54°)` म्हणजे सेकंदाला ११०१ रेडियनचा, हर्ट्झमध्ये १७५.२ चा करायचा. ट्रान्सफॉर्म त्याला ओढून नेमका १२० वर आणतो.

हाताने करताना `2*fs` वर-खाली कटून जातं, म्हणून सगळं `K` मध्येच मांडावं. दुसऱ्या क्रमाचा एक खंड असा होतो:

```
D  = 1 + K/Q + K²
b0 = K²/D,   b1 = 2*b0,   b2 = b0
a1 = 2*(K² - 1)/D
a2 = (1 - K/Q + K²)/D
```

आमचे आकडे: `K = tan(54°) = 1.376382`, `K² = 1.894427`. दुसऱ्या क्रमाच्या बटरवर्थचा `Q = 0.7071`, म्हणून `D = 4.840925`. त्यावरून `b0 = 0.391336`, `a1 = 0.369527`, `a2 = 0.195816`.

लगेच एक पडताळा घ्या. `b` ची बेरीज १.५६५३ आणि `1 + a1 + a2` सुद्धा १.५६५३. दोन्ही सारखे, म्हणजे स्थिर सिग्नल जसाच्या तसा बाहेर येणार. हा पडताळा कागदावर अर्ध्या मिनिटात होतो. मी तो केल्याशिवाय कोड लिहीत नाही.

दुसरा क्रम पुरला का?

पुरला नाही. `f = 96` ठेवलं की `tan(43.2°)/K = 0.6823`, आणि त्यावरून आउटपुट ९०.७ टक्के येतं. काप योग्य जागी असूनही पात्यांच्या रेषेतले ९ टक्के जात होते. जाळीच्या १६० वर `tan(72°)/K` बरोबर `√5` येतो, म्हणून तिथे `1/√26`, म्हणजे १९.६ टक्के खडखडाट शिल्लक राहतो. दोन्हीकडून कमी पडलं.

चौथा क्रम घेतला तर ९६ वर ९७.७ टक्के राहतं आणि १६० वर `1/√626`, म्हणजे ४ टक्के. मिलवाल्याला हे चालणार होतं.

चौथा क्रम एकाच मोठ्या समीकरणात लिहू नका. दुसऱ्या क्रमाचे दोन खंड एकापुढे एक लावा. `K` दोघांचा एकच, फक्त `Q` वेगळे: ०.५४१२ आणि १.३०६६.

```python
from math import tan, pi
fs, fc = 400, 120
K = tan(pi*fc/fs)
for Q in (0.541196, 1.306563):
    D = 1 + K/Q + K*K
    print(K*K/D, 2*(K*K-1)/D, (1-K/Q+K*K)/D)
```

पहिल्या खंडाचे `b0, a1, a2` येतात 0.348391, 0.328976, 0.064588. दुसऱ्याचे 0.479861, 0.453120, 0.466326. कमी `Q` चा खंड आधी ठेवावा. जास्त `Q` चा खंड कापाच्या आसपास सिग्नल फुगवतो, आणि इंटिजर गणित असेल तर तो आधी ठेवल्यास तिथेच ओव्हरफ्लो होऊ शकतो.

क्रम ठरवताना कुठल्या फ्रिक्वेन्सी घ्यायच्या, मूळ की वाकवलेल्या?

वाकवलेल्या, दोन्ही टोकांच्या. हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि तो न विचारल्यामुळे फिल्टर उगाच जड होतो.

समजा १६० वर ५ टक्क्यांपेक्षा जास्त काही उरू नये. मूळ फ्रिक्वेन्सी धरून १६० भागिले १२० म्हणजे १.३३ हे गुणोत्तर घेतलं, तर ॲनालॉग सूत्र `N = 11` मागतं. वाकवलेल्या फ्रिक्वेन्सींचं गुणोत्तर मात्र `√5`, म्हणजे २.२४ आहे, आणि त्याला `N = 4` पुरतो. त्याच चौथ्या क्रमाचा खरा ॲनालॉग फिल्टर १६० वर ३० टक्के सोडतो, डिजिटल फक्त ४ टक्के. पट्टीच्या टोकाला अक्ष दाबला जातो तो इथे आपल्या उपयोगी पडतो, कारण उतार तीव्र होतो आणि बरोबर २०० हर्ट्झला आउटपुट पूर्ण शून्य होतं.

प्रीवॉर्पिंग केल्यावर सगळ्याच फ्रिक्वेन्सी जागेवर येतात का?

येत नाहीत. शून्य आणि तुम्ही निवडलेली एक, एवढ्याच जुळतात. बाकीच्या वाकलेल्याच राहतात. बँड-पास करायचा असेल तर दोन्ही कड्या वेगवेगळ्या वाकवून घ्याव्यात, मधली फ्रिक्वेन्सी त्यांच्यावरून काढावी. उलट केलं तर बँडची रुंदी चुकते.

प्रत्येक वेळी हे करायलाच हवं का?

काप नमुन्यांच्या दराच्या मानाने खूप खाली असेल तर फरक पडत नाही. ४०० च्या दरावर १० हर्ट्झचा काप न वाकवता ठेवला तर ९.९८ ला पडतो. ४० चा ३८.८ ला पडतो, म्हणजे ३ टक्के चूक. १२० ला आम्ही २० टक्के चुकलो. पण `K` मध्ये `tan` लिहायला काहीच जास्त लागत नाही, म्हणून मी नेहमीच लिहितो.

लायब्ररी वापरली तर प्रीवॉर्पिंग आपण करायचं की ती करते?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सायपायमधलं हे फंक्शन स्वतःच वाकवून घेतं:

```python
sos = signal.butter(4, 120, fs=400, output='sos')
```

त्याला साधे १२० द्या. हुशारी करून १७५.२ दिलेत तर दोनदा वाकतं आणि काप १७५ ला जाऊन बसतो. मग १६० चा खडखडाट जसाच्या तसा आत येतो. याउलट `signal.bilinear` काहीच वाकवत नाही, तिथे वाकवणं तुमच्याकडे आहे. वाकवण्याच्या बाबतीत मॅटलॅबचं `butter` सायपायसारखंच वागतं.

`sos` चे `b` माझ्या वरच्या आकड्यांशी जुळले नाहीत तर घाबरू नका. सायपाय सगळी गेन पहिल्या खंडात टाकतं, 0.348391 गुणिले 0.479861 म्हणजे 0.167179. `a` मात्र जुळलेच पाहिजेत.

फिल्टर लावला आणि आउटपुट जवळजवळ गोठलं. का?

एका पुस्तकातून `Ω = tan(ω/2)` घेतलं आणि दुसऱ्यातून `s = 2*fs*(z-1)/(z+1)`, असं झालेलं असतं. एकात `2*fs` आहे, एकात नाही. आमच्या आकड्यांवर हे केलं तर काप ०.२२ हर्ट्झला जातो. सेन्सरला टिचकी मारली तरी रेषा हलत नाही, आणि हळूहळू सरकत काही सेकंदांनी जागेवर येते. दोन्हीकडे `2*fs` ठेवा किंवा दोन्हीकडून काढा.

आउटपुट स्थिर आहे, पण भलतंच मोठं आहे.

`a` ची चिन्हं तपासा. वरचे आकडे या रचनेसाठी आहेत:

```c
y  = b0*x + s1;
s1 = b1*x - a1*y + s2;
s2 = b2*x - a2*y;
```

सीएमएसआयएसच्या `arm_biquad_cascade_df1_f32` मध्ये फीडबॅक बेरजेने जातो, म्हणून तिथे `a1`, `a2` उलट्या चिन्हाने द्यावे लागतात. एका मुलाच्या बोर्डवर आम्ही हे पाहिलं. सेन्सर टेबलावर शांत पडलेला, गुरुत्वाकर्षणाचा १ जी दिसायला हवा, आणि स्क्रीनवर ५५ च्या आसपास. चिन्ह उलटं गेलं की पहिल्या खंडाची स्थिर गेन २.३ आणि दुसऱ्याची २३.८ होते. गुणाकार ५४.८. आकडा इतका नेमका जुळल्यावर दुसरीकडे शोधायची गरजच उरली नाही.

फेजचं काय? आलेख उशिरा येतो का?

कमी फ्रिक्वेन्सीला उशीर २.४ मिलिसेकंद, म्हणजे एका नमुन्याच्या आसपास. कापाजवळ तो वाढतो. नोंदवलेला डेटा असेल तर `sosfiltfilt` ने पुढून-मागून चालवून उशीर घालवता येतो, पण मग फिल्टर दोनदा लागतो आणि १२० वर ७०.७ ऐवजी ५० टक्के मिळतं. काप मोजताना हे धरा.

२०० हर्ट्झच्या वरचा आवाज हा फिल्टर काढेल का?

काढणार नाही. ४०० च्या दराने नमुने घेतले की २४० चं कंपन १६० म्हणून दिसतं आणि ३०४ चं ९६ म्हणून. ९६ वर आलेला तोतया कुठलाही डिजिटल फिल्टर ओळखू शकत नाही. तो नमुने घ्यायच्या आधीच अडवावा लागतो. ADXL345 ४०० च्या दराला आपली बँडविड्थ २०० वर ठेवतो, म्हणून आमचं भागलं. साधा ॲनालॉग सेन्सर थेट एडीसीला जोडणार असाल तर आधी एक खराखुरा आरसी फिल्टर लावा.

सगळं बरोबर बसलंय याची खात्री कशी करायची?

आधी मोटार बंद ठेवून उभ्या अक्षावर १ जी येतो का बघा. मग कोडमध्येच साइन तयार करून फिल्टरमधून सोडा: २४, ९६, १२० आणि १६० हर्ट्झ. सुरुवातीचे शंभरेक नमुने सोडून द्या आणि उरलेल्यांची आरएमएस घ्या. शिखर बघू नका. ४०० च्या दराने १६० हर्ट्झचे नमुने शिखरावर पडतीलच असं नाही, आणि आकडा फसवतो. १००, ९७.७, ७०.७ आणि ४ टक्के यायला हवेत. १२० ला ७०.७ आलं नाही तर `K` चुकलाय.

आमच्या डब्यात हे चारही आकडे जुळल्यावर आम्ही परत मिलमध्ये गेलो. मीटरवर ०.८०, डब्यावर ०.७८. ब्लोअर थांबवून झाकण उघडलं तेव्हा एका पात्याच्या पाठीवर चुणीचा बोटभर थर बसलेला होता. मिस्त्रीने तो खरवडून काढला, आणि ब्लोअर परत सुरू झाल्यावर दोन्हीकडचा आकडा एकदमच खाली आला.